एक गंज पाणी आणि एक झाकण औषध

मुलीच्या पायजम्याला निलगिरीच्या तेलाचा वास येत होता. पायजमा लोकरीचा, घरी विणलेला, ओलाचिंब आणि अजूनही गरम. तिला कडेवर घेऊन आलेल्या बापाच्या शर्टाचा पुढचा भागही ओला झाला होता. काय झालं हे कुणी सांगायच्या आधीच त्या वासाने सांगितलं होतं. मी सिस्टरकडे कात्री मागितली.

सावनेर परिसरात, नागपूर-छिंदवाडा रस्त्यालगतच्या एका छोट्या रुग्णालयात मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. ही गोष्ट डिसेंबरातली, रात्री पावणेनऊची. दिवसभर ओपीडीत सर्दी-खोकल्याचीच गर्दी होती. थंडी पडली की आमच्याकडे दुसरं काही नसतंच. मुलगी चार वर्षांची. तिला इथे चिऊ म्हणते.

पायजमा कापून काढला, कारण ओढून काढला असता तर फोडांवरची कातडीही सोबत आली असती. लोकर गरम पाणी धरून ठेवते. सुती कपड्यावर सांडलेलं पाणी खाली ओघळून जातं, लोकरीतलं तसंच अंगाला चिकटून भाजत राहतं. उजव्या मांडीची पुढची बाजू, डाव्या मांडीची आतली बाजू, ओटीपोट आणि लघवीच्या जागेभोवतीचा भाग लालगुलाबी झाला होता, ठिकठिकाणी फोड आले होते. त्यावर पांढरा लेप होता. टूथपेस्ट.

तिला तशीच न्हाणीघरात नेलं आणि साध्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरलं. बर्फ नाही, बर्फाचं पाणीही नाही. पूर्ण वीस मिनिटं, घड्याळ लावून. भाजल्यापासून तीन तासांच्या आत हे केलं तरी उपयोग होतो, आणि इथे तर अर्धाच तास झाला होता. वरचं अंग रजईत गुंडाळून ठेवलं, कारण डिसेंबरात एवढं लहान मूल पाण्याखाली धरलं तर ते गारठतं. टूथपेस्ट धुऊन गेल्यावर खरं भाजणं दिसलं. मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर तो अंगाच्या साधारण एक टक्का भरतो. चिऊचे नऊ तळहात भरले. नऊ टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण लघवीच्या जागेचा भाग भाजला असला की टक्केवारी कितीही असो, मूल बर्न्स विभाग असलेल्या ठिकाणीच जायला हवं. नागपूरला फोन लावला.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत होती. मूल रडत होतं, पण जेवढं रडायला हवं तेवढं नाही. एवढं भाजलेलं चार वर्षांचं पोर किंकाळ्यांनी दवाखाना डोक्यावर घेतं. चिऊ थोडं रडायची, डोळे मिटायची, पुन्हा दचकून रडायची. नाडीचे ठोके मिनिटाला १५८. ती वेदनेने धावतेय की आणखी कशाने, हे त्या घडीला कळायला मार्ग नव्हता.

"काही औषध दिलं होतं का हिला?"

"खोकल्याचंच," आई म्हणाली. "सात वाजता. एक झाकण."

आजी मागे उभी होती, पदर तोंडाला लावून. "मॅडम, वाफच तर देऊन राहिली होती मी. पोरीची छाती किती घुरघुरत होती. पाटावर बसवली, समोर गंज ठेवला, वरून चादर टाकली. पोरगी पेंगत होती, अन् मी तेल टाकायची बाटली घ्यायले वळली, तर एकदम तोल गेला न तिचा. समोर गंजावरच आली."

गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. नुकतंच चुलीवरून उतरवलेलं पाणी, उंबरठ्याएवढ्या उंचीचा पाट आणि अंधाऱ्या चादरीखाली पेंगणारं लेकरू. ती का पेंगत होती, याचं उत्तर बापाच्या खिशातल्या बाटलीत होतं. मी ती मागून घेतली.

लेबल वाचलं. पाच मिलिलिटरमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन १० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामाइन २ मिलिग्रॅम आणि फेनिलएफ्रिन ५ मिलिग्रॅम. पहिलं औषध मेंदूतलं खोकल्याचं केंद्र दाबतं, दुसरं नाक वाहणं कमी करतं आणि झोप आणतं, तिसरं नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यात नाडीही वाढू शकते. मोजायचं छोटं माप हरवलं होतं, म्हणून घरात बाटलीच्याच झाकणाने मोजत होते. सिरिंजने पाणी भरून मी ते झाकण मोजलं. काठोकाठ भरलं तेव्हा दहा मिलिलिटर झाले.

म्हणजे चिऊला एका वेळी चार मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन जात होतं, दिवसातून तीनदा. ते द्यायचंच ठरलं असतं तरी या वयाला एका वेळी एक मिलिग्रॅम आणि दिवसभरात सहापेक्षा जास्त नाही, असं माप आहे. ती बारा घेत होती, आणि हा तिचा तिसरा दिवस. दुकानदार म्हणाला होता, "एक झाकण द्या सकाळ-दुपार-संध्याकाळ." कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. चिठ्ठी नव्हती, वजन विचारलेलं नव्हतं, झाकण किती मिलिलिटरचं हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आता त्या औषधाने माझेही हात बांधले. एवढ्या भाजण्याला शिरेतून चांगलं वेदनाशामक लागतं, आणि ती औषधंही झोप आणतात, श्वास मंदावतात. आधीच गुंगीत असलेल्या मुलाला ते पूर्ण मात्रेत देणं धोक्याचं होतं. म्हणून वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल दिलं आणि जोरकस औषधाची मात्रा निम्मी करून, बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावून, दर दोन मिनिटांनी तिच्याकडे बघत थोडं थोडं दिलं. वेदना पूर्ण थांबली नाही. रुग्णवाहिका येईपर्यंतची ती पाऊण तासाची कण्हती झोप मला आजही आठवते.

रुग्णवाहिकेची वाट बघत असताना मी आईला सहज विचारलं, "घरात आणखी कोणी आजारी आहे?"

"धाकटा आहे न. चौदा महिन्यांचा. त्यालेही खोकला, पण तो आता बरा आहे. दुपारपासून शांत झोपून राहिला."

"त्यालाही हेच औषध?"

"अर्धं झाकण."

मी ताबडतोब त्याला आणायला सांगितलं. सकाळपर्यंत थांबा म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

काका त्याला दुचाकीवर, शालीत गुंडाळून घेऊन आला. शाल उघडली तेव्हा बाळ खरंच शांत झोपलेलं होतं. पण सदरा वर केला आणि पोटाकडे बघितलं. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. हात पोटावर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलं. साठ. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त असेल तर तो वेगाचा धरायचा. त्याहून लहान, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाला ही रेघ पन्नास. हा साठवर होता आणि ऑक्सिजन नव्वदवर. दुपारपासून त्याने दूध घेतलं नव्हतं, लंगोट कोरडा होता. टिचकी मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटत होता. छाती ऐकली तेव्हा दोन्ही बाजूंना बारीक शिट्ट्या आणि करकर. छोट्या श्वासनलिकांना सूज येण्याचा हा आजार, ब्राँकिओलायटिस, थंडीत दोन वर्षांखालच्या मुलांना होतो आणि बहुतेकदा विषाणूमुळे होतो.

खोकला कमी झाला म्हणून घरच्यांना वाटलं तो बरा होतोय. खरं तर त्याचा श्वास अधिक कष्टाचा होत होता आणि औषधाने त्याची तक्रार बंद केली होती. लहान बाळाचं रडणं, चिडणं, दूध ओढताना धाप लागून सोडून देणं, हीच आम्हाला त्याची भाषा. झोपेच्या औषधाने ती भाषा बंद होते आणि आजार चालूच राहतो.

उपचार साधा होता. नाकात सलाइनचे थेंब टाकून शेंबूड ओढून काढला, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, पोटात नळी घालून थोडं थोडं दूध दिलं आणि झोप उतरेपर्यंत वाट पाहिली. सिस्टरने विचारलं, "मॅडम, वाफ द्यायची का?" तिला म्हणायचं होतं नेब्युलायझर. तोच शब्द ऐकून मागे उभी असलेली आजी चमकली.

"पाहा मॅडम, तुम्हीबी वाफच देता न!"

माझ्या मते सगळी गोची या एका शब्दात आहे. दवाखान्यातल्या यंत्रालाही आपण वाफ म्हणतो आणि घरच्या गंजालाही वाफच. यंत्रातून निघतं ते गरम पाणी नसतं. सलाइन किंवा औषध दाबाच्या हवेने फोडून केलेला बारीक थंड तुषार असतो, आणि दम्यासारख्या आजारात त्यातून श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध आत जातं. गंजातून निघते ती उकळत्या पाण्याची वाफ, तिच्यात औषध नसतं. पण आई दवाखान्यात बघते की मुलाच्या तोंडाला मास्क लावला, पांढरा धूर निघाला आणि मूल जरा मोकळं झालं. घरी आल्यावर तीच गोष्ट ती पाणी उकळून करते. यात तिचा दोष मी धरू शकत नाही. आम्ही डॉक्टरांनीच तो शब्द बदलला नाही. त्या रात्रीपासून मी यंत्राला यंत्रच म्हणते, आणि हेही सांगते की ब्राँकिओलायटिसमध्ये त्या यंत्राचाही नेहमी उपयोग होतो असं नाही. चिऊच्या भावाला मी ते लावलं नाही.

मग वाफ घेतल्यावर बरं का वाटतं? बरं वाटतं हे खोटं नाही. ऊब मिळते, नाकातला वाळलेला शेंबूड थोडा सैल होतो. निलगिरी किंवा बामातला मेंथॉल नाकातल्या थंडपणा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो, त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण मोजून बघितलं तर नाकातून जाणारी हवा वाढलेली नसते. शिवाय छातीपर्यंत वाफ पोचवण्याची गरजच नसते, कारण नाक आणि घसा आत जाणारी हवा आपणहूनच अंगाच्या तापमानाला आणून पूर्ण ओली करतात. आजीने कितीही पाणी उकळलं तरी फुफ्फुसात त्याहून जास्त ओलावा जात नाही.

कोक्रेन ही वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था. सर्दीमध्ये गरम ओलसर हवेवरचे सहा प्रयोग तिच्या समीक्षकांनी एकत्र तपासले, २०१७ मध्ये. सगळे मिळून चारशेहून कमी माणसं. फायदा आहे असं ठामपणे म्हणता येईल असं काही हाती आलं नाही. लहान मुलांमधला त्याहून स्पष्ट प्रयोग टोरंटोमध्ये झाला. कुत्रं भुंकल्यासारखा खोकला येणाऱ्या क्रूप या आजारात पिढ्यान्‌पिढ्या ओलसर हवा दिली जायची. तिथल्या १४० मुलांना वेगवेगळ्या प्रमाणात ओलसर हवा देऊन पाहिली आणि २००६ मध्ये निकाल छापला. शंभर टक्के ओलावा मिळालेली मुलं आणि चाळीस टक्के मिळालेली मुलं यांच्यात फरक पडला नाही.

भाजण्याची बाजू मात्र अजिबात धूसर नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० मध्ये, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लिहिलं की एरवी त्यांच्याकडे वाफ घेताना भाजून वर्षाला सरासरी दोन मुलं दाखल व्हायची, आणि त्या एका महिन्यात सहा आली. त्यांच्याकडेही प्रकार तोच असतो, भांडं मांडीवर सांडतं. मुलं वाफेने क्वचित भाजतात. ती भाजतात भांड्यातल्या पाण्याने, आणि त्यामुळे भाजणं नेमकं मांड्या, पोट आणि लघवीच्या जागेवर येतं. लहान मुलाची कातडी पातळ असते, म्हणून मोठ्याला चटका देऊन जाणारं पाणी तिला खोल भाजतं. भांडं दूर ठेवा, आपण धरून बसा, असे सल्ले मीही पूर्वी द्यायची. त्या रात्री आजी धरूनच बसली होती. तेलाच्या बाटलीकडे वळायला दोन सेकंद लागले. म्हणून आता माझा सल्ला असा आहे की लहान मुलाला गरम पाण्याची वाफ द्यायचीच नाही. पाण्यात कापूर टाकणाऱ्यांना आणखी एक सांगते. कापूर चुकून तोंडात गेला तर लहान मुलाला आकडी येते.

चिऊ साडेदहाला नागपूरला निघाली. धाकट्याला आम्ही ठेवून घेतलं. रात्री अकराच्या सुमारास बापाने विचारलेला प्रश्न मला त्या रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो म्हणाला, "मॅडम, ते विषारी औषध तर बंद झालं न? हे वेगळ्या कंपनीचं आहे. मी बघूनच घेतलं होतं."

आमच्या रस्त्यावरच्या कुठल्याही बापाने हेच विचारलं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये इथून पुढे छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली मुलं खोकल्याच्या एका औषधाने गेली. वीसहून जास्त. त्यांतली बरीच नागपूरला आणली गेली होती, याच रस्त्याने. साधा ताप-खोकला, मग काही दिवसांत लघवी बंद, मग मूत्रपिंडं निकामी. औषधात डायएथिलिन ग्लायकॉल निघालं, ४८.६ टक्के. मर्यादा आहे ०.१ टक्का. हा कारखान्यांत वापरला जाणारा गोडसर द्रव. औषध पातळ करायला जे शुद्ध प्रॉपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरिन लागतं त्याच्या जागी किंवा त्यात मिसळून ते येतं. मुंबईत १९८६ मध्ये जे.जे. रुग्णालयात अशाच दूषित ग्लिसरिनने १४ जणांचा जीव गेला होता. गाम्बियात २०२२ मध्ये सत्तरच्या आसपास मुलं गेली. म्हणजे ही चूक नवी नाही, आणि पुन्हा होणार नाही अशी हमी मी कुणाला देऊ शकत नाही.

पण त्या बापाला मला हे सांगायचं होतं की प्रश्न फक्त विषाचा नव्हता. त्याने बघून घेतलेली बाटली शुद्ध होती असं धरून चालू. तरी ती चिऊच्या कामाची नव्हती. छिंदवाड्याच्या बातम्यांनी लोकांच्या मनात एवढंच बसलं की एक वाईट बाटली होती, ती बाजूला काढली, बाकीच्या चांगल्या. बातमीत दिसली ती भेसळ. त्या सगळ्या बाटल्या मुळात लेकरांना का दिल्या जातात, हा प्रश्न बातमीत मागेच राहिला.

त्याला मी एक प्रयोग सांगितला, कारण तो कष्टाळू, समजूतदार माणूस आहे आणि त्याला सांगितलं तर कळतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सर्दीमुळे रात्री खोकणारी शंभर मुलं घेतली. काहींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन दिलं, काहींना झोप आणणारं डायफेनहायड्रामिन, आणि काहींना रंग-चव तीच पण औषध नसलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी आईवडिलांना विचारलं, रात्र कशी गेली? सगळेच म्हणाले, आदल्या रात्रीपेक्षा बरी. औषधवाल्या मुलांचे आईवडील जेवढं म्हणाले, पाणीवाल्यांचेही तेवढंच. हा निकाल २००४ मध्ये छापून आला.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ते तसंही कमी होणारच होतं."

माझ्या मते खोकल्याच्या औषधांचं गुपित एवढंच आहे. आपण बाटली उघडतो ती सगळ्यात वाईट रात्री. त्यानंतरची रात्र बहुधा बरी असतेच, आणि श्रेय बाटलीला जातं. आईच्या मनात तर जातंच, डॉक्टरच्याही मनात जातं. माझ्या जुन्या वहीत असंख्य मुलांच्या नावांपुढे मी सिरप लिहिलेलं आहे, आणि ती बरी होऊन आली म्हणून पुढच्यांनाही लिहिलेलं आहे. याची मला आता मनापासून खंत वाटते.

पुरावा किती कच्चा आहे तेही सांगायला हवं. अशा औषधांवरचे प्रयोग थोडे आणि लहान आहेत. कोक्रेनच्या समीक्षेत निष्कर्ष असा आला की ही औषधं गुणकारी आहेत याला चांगला पुरावा नाही, आणि निरुपयोगी आहेत याचाही पक्का पुरावा नाही. पण मुलाला औषध देताना हे दोन्ही समान धरता येत नाहीत. उपयोग सिद्ध नाही आणि गुंगी, धडधड, चिडचिड, मापाची चूक हे धोके मात्र डोळ्यांसमोर आहेत. म्हणून केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली साधारणपणे ती सुचवायची नाहीत. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिनच्या थेंबांच्या एका मिश्रणावर तर डिसेंबर २०२३ मध्येच, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा छापायला सांगितलं गेलं होतं. धाकटा चौदा महिन्यांचा होता.

रात्री दीडला त्याचा श्वास पंचावन्नवर आला. पहाटे पाचला त्याने डोळे उघडले आणि चिडून रडला, ऑक्सिजनची नळी ओढली. सिस्टर म्हणाली, "मॅडम, आता रडून राहिला बरोबर." तिला कळलं होतं मला कशाची वाट होती.

तीन दिवस ऑक्सिजन लागला, चौथ्या दिवशी तो घरी गेला. चिऊ नागपूरला दहा दिवस होती. फोड वरवरचे निघाले, कातडी लावायची वेळ आली नाही. उजव्या मांडीवरचा डाग मात्र बराच काळ राहणार.

महिन्याभराने आजी दोघांना घेऊन तपासणीला आली. बोलता बोलता तिने विचारलं की मग खोकला आला तर करायचं काय, हातावर हात धरून बसायचं का? हा प्रश्न रास्त आहे. बंद करा म्हणणारा डॉक्टर रात्री दोन वाजता त्या घरात नसतो.

मी तिला सांगितलं की एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चाटवा. पेनसिल्व्हेनियातल्या त्याच डॉक्टरांनी पुढे १०५ मुलांना मध, डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि काहीच नाही असं तीन गटांत वाटून पाहिलं, तर मध सगळ्यांत बरा ठरला आणि औषध काहीच न देण्यापेक्षा फारसं सरस निघालं नाही. फायदा मोठा नाही आणि तो एका रात्रीपुरता मोजलेला आहे, हेही सांगितलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही नाही, कारण मधात कधी कधी बोट्युलिझमचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत, बाळाच्या आतड्यात मात्र रुजतात आणि त्याचे स्नायू लुळे करतात. घुटीसोबत मध द्यायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून हे मी दोनदा सांगते. बाकी नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब, तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, अंगावरचं दूध किंवा कोमट पेज थोडी थोडी.

आणि दिवस मोजायचे. सर्दीचा खोकला चार दिवसांत जावा अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात निम्म्या मुलांचा खोकला दहा दिवसांत जातो, दहातल्या नऊ मुलांचा पंचविसाव्या दिवसापर्यंत. चिऊचा एकोणिसाव्या दिवशी थांबला, नागपूरच्या वॉर्डात, कुठल्याही सिरपविना. पण रात्री खोकून उलटी करणारं, दर महिन्याला तेच घेऊन येणारं, धावलं की खोकणारं मूल वेगळं. त्याला दमा असू शकतो, त्याने थांबायचं नाही. श्वास वेगाचा झाला, बरगड्यांखाली खड्डा पडला, ओठ निळसर दिसले किंवा दूध सुटलं तर रात्र असली तरी निघायचं.

"श्वास कसा मोजायचा ते मले दाखवा," आजी म्हणाली.

धाकटा तिच्या मांडीवर झोपला होता. मी त्याचा सदरा वर केला, तिचा हात त्याच्या पोटावर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दाखवला. पोट वर आलं की एक. रडताना किंवा दूध पिताना मोजायचं नाही, आणि अर्ध्या मिनिटाचं दुप्पट करायचं नाही, कारण बाळाचा श्वास एकसारखा नसतो. तिने काटा बारावर येईपर्यंत वाट पाहिली. मग ओठ हलवत, डोळे घड्याळावर ठेवून मोजायला लागली. बाहेर नंबरासाठी गडबड चालली होती. तिने मध्ये एकदाही मान वळवली नाही. काटा पुन्हा बारावर आला.

"बत्तीस," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.